चप्पल लहान झाली की धावणं कमी करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या फाट्यावर पहाटे पाचला उभं राहिलं तर एक दृश्य रोज दिसतं. पोलीस भरतीची तयारी करणारी वीस-बावीस वर्षांची पोरं डांबरी रस्त्याच्या कडेनं धावत येतात. त्यांना १६०० मीटर धावायचं असतं, पोरींना ८००. भरतीचं वय गाठलेल्या माणसानं पहाटे उठून घाम गाळावा, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण या घोळक्याच्या शेपटाला तीन-चार लहान पोट्टी असतात. कोणी सहावीत, कोणी सातवीत. अंगावर मोठ्या भावाचा ढगळ टी-शर्ट, पायात चप्पल नाही तर रबरी तळाचे घसरते बूट. मोठ्यांनी आठ किलोमीटर मारले की हेही आठ मारतात, मोठे चढावर दहा वेळा पळाले की हेही दहा वेळा.

गावाला याचं कौतुक आहे. मलाही होतं. वीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतोय आणि पहिली दहा-बारा वर्षं मी स्वतःच अशा पोट्ट्यांना भरतीवाल्यांच्या मागं लावून दिलं आहे. आज मी ते करत नाही आणि कोणी करू नये असं माझं मत आहे. त्यामागचं कारण एका पोराच्या गुडघ्यात आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

हा पोरगा सातवीत असताना तालुक्याला १४ वर्षांखालच्या गटात ६०० मीटरमध्ये पहिला आला आणि जिल्ह्याला दुसरा. वर्गातल्या इतर पोरांपेक्षा तो जवळजवळ वीतभर उंच होता, आवाजही फुटायला लागला होता. मी म्हटलं, हिरा सापडला. दुसऱ्या दिवसापासून त्याला भरतीवाल्यांबरोबर धाडलं. आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा-सात किलोमीटर. रविवारी आसपासच्या गावात कुठं ना कुठं शर्यत असायचीच. शिवजयंती, प्रजासत्ताक दिन, कुणा नेत्याचा वाढदिवस, काही निमित्त चालतं. तिला 'भव्य मॅरेथॉन' म्हणतात आणि ती असते पाच किलोमीटरची. पाचशे एक रुपये, एक ढाल, आणि चौकात फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर पोराचा फोटो पासपोर्टएवढा आणि आयोजकाचा दाराएवढा असतो, ते सोडा.

फेब्रुवारीत तो म्हणाला, गुडघ्याच्या खाली दुखतंय. मी बाम लावायला सांगितला. आजीनं तेल लावून चोळलं, बापानं एका ठिकाणी नेऊन पाय 'बसवून' आणला. बाप मला म्हणाला, "सर, दुखते म्हन्ते, पन पयाले लागला का विसरून जाते." खरंच विसरायचा. अंग तापलं की दुखणं मागं पडायचं आणि संध्याकाळी पायऱ्या चढताना परत यायचं. आठवीत ऑगस्टमध्ये तो जिल्ह्याला पहिला आला. अमरावतीला विभागीय स्पर्धेत साधारण ४०० मीटरवर तो थांबला, लंगडत बाजूला झाला आणि खाली बसला. मी त्याच्यावर ओरडलो. ते ओरडणं मला अजून आठवतं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

नंतर तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो छोटा उंचवटा असतो, तिथं अंगठ्यानं दाबलं की पोरगं उडी मारायचं. या दुखण्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. १९०३ साली दोन डॉक्टरांनी वेगवेगळं वर्णन केलं, त्यांची ही नावं. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन त्या उंचवट्याला बांधलेला असतो. मोठ्या माणसात ती जागा पक्कं हाड असते. वाढत्या पोरात तिथं अजून मऊ कूर्चा असते, तिथूनच हाड वाढत असतं. वाढीचा जोर आला की हाड भराभर लांब होतं, स्नायू त्याच्याबरोबर तितक्या लवकर लांब होत नाही, आणि ताणलेली दोरी खुंटीला ओढावी तसा तो त्या मऊ जागेला ओढत राहतो. त्यात आपण दर पावलाला हिसका देतो.

हिसके किती, ते मी नंतर एकदा मोजून पाहिलं. या उंचीचं पोर मध्यम वेगानं धावलं तर एक पाऊल साधारण मीटरभराचं पडतं. किलोमीटरला हजार पावलं, म्हणजे एका पायाला पाचशे. आठवड्याला चाळीस किलोमीटर धरले तर एका पायाला वीस हजार आपट, आणि प्रत्येक आपट शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीची. शिवाय चढ-उतार आणि उड्या वेगळ्या. हा हिशोब शाळेत शिकवायचा असता तर मीच फळ्यावर मांडला असता. पोराच्या गुडघ्यासाठी मात्र कधी मांडला नव्हता.

याहून लाजिरवाणी गोष्ट शाळेच्या कपाटात होती. आरोग्य तपासणीच्या नोंदीत त्याची उंची सहावीच्या जूनमध्ये १३९ सेंटिमीटर होती, सातवीच्या जूनमध्ये १४५ आणि आठवीच्या जूनमध्ये १५४.५. एका वर्षी सहा आणि पुढच्या वर्षी साडेनऊ. म्हणजे ज्या बारा महिन्यांत त्याचं हाड आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वेगानं वाढत होतं, नेमक्या त्याच बारा महिन्यांत मी त्याच्यावर सर्वांत जास्त किलोमीटर लादले. मुलींमध्ये हा जोर साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्याच्या. ही सरासरी झाली. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या पोरांच्या हाडांच्या वयात चार-पाच वर्षांचं अंतर असू शकतं. एकाला मिसरूड फुटलेली, दुसरा अजून दुधाच्या दाढा पाडतोय. आपण दोघांना एकाच रेषेवर उभं करून शिट्टी वाजवतो आणि जो पुढं येतो त्याला 'गुणी' म्हणतो.

खरं पाहिलं तर तो त्या दिवशी फक्त आधी मोठा झालेला असतो. माझा पोरगा सातवीत जिंकला तो लांब पायांवर आणि लवकर आलेल्या स्नायूंवर. दहावीत बाकीची पोरं त्याच्या उंचीला आली आणि अंतर संपलं. गुडघा दीड वर्षात शांत झाला, या दुखण्यात बहुतेक तसंच होतं, हाड पक्कं झालं की जातं. उंचवटा मात्र राहिला आणि धावायची हौस गेली. फ्लेक्सवर झळकलेल्या पोराला सहावा-सातवा नंबर सोसत नाही. बापालाही सोसत नव्हता. तो मोटारसायकलवर बाजूनं ओरडत यायचा, "पय ना बे! मले नोकरी नाही भेटली, तुले भेटली पायजे!"

या एका पोराची गोष्ट मला माहीत आहे, कारण तो जिंकत होता. ज्यांना मी सहावी-सातवीत 'हा बारका आहे, याच्याच्यानं होणार नाही' म्हणून मैदानाबाहेर बसवलं, त्यांची नोंद माझ्याकडे नाही. आमच्या भागात उशिरा वाढणारी लेकरं बरीच असतात. पोटभर खायला नसलं की वाढ मागं पडते, मेळघाटापासून यवतमाळच्या आदिवासी पोडापर्यंत हे आपल्याला ठाऊक आहे. त्यातलं एखादं सतरा-अठराव्या वर्षी फार चांगलं धावलं असतं. पण चौदाच्या आतल्या निवडीत ते गळलं आणि परत मैदानावर आलंच नाही. लवकर निवड करण्यातला हा तोटा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, म्हणून तो चालू राहतो.

हा नुसता माझा अनुभव आहे असंही नाही. जर्मनीतले संशोधक आर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतली सहा हजारांवर खेळाडूंची माहिती एकत्र तपासली. लहान गटांत सर्वांत पुढं असलेले खेळाडू आपल्या एकाच खेळाला लवकर लागलेले होते, सुरुवातीला भराभर वर आलेले होते. मोठेपणी जगात अव्वल ठरलेल्यांचं चित्र जवळजवळ उलटं होतं. ते लहानपणी एकाहून जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळाकडे उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती सावकाश होती. म्हणजे बाराव्या वर्षी जिंकायची रीत आणि बाविसाव्या वर्षी जिंकायची रीत या दोन वेगळ्या वाटा आहेत. जिम्नॅस्टिकसारख्या खेळाची गोष्ट निराळी, तिथं शरीर हलकं आणि लवचिक असतानाच कौशल्यं पक्की करावी लागतात. धावणं तसं नाही, कबड्डीही नाही.

आता बापाच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो खरा प्रश्न आहे. तीन एकर कोरडवाहू, कपाशीवर बोंडअळी, घरात एक पोरगा. त्याला धावण्यात नोकरीची शिडी दिसते. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्याला मी 'खेळ हा आनंदासाठी असतो' असं ऐकवलं तर तो मनात म्हणेल, मास्तर, तुमचा पगार सुरू आहे. म्हणून त्याच्याशी मी त्याच्याच हिशोबात बोलतो. पोलीस भरतीचं किमान वय १८ आहे. पोरगा बारा वर्षांचा आहे. मधे सहा वर्षं आहेत. १६०० मीटरची नेमकी तयारी ही वर्षभराची गोष्ट आहे, तीही मोठ्या शरीराची. बाराव्या वर्षी आपल्याला १६०० मीटर नको आहे, अठराव्या वर्षी शाबूत असलेला गुडघा आणि धावायची इच्छा हवी आहे. पेरणीच्या आधी कुणी वेचणी करत नाही, एवढं त्याला सांगावं लागत नाही. शालेय स्पर्धांचे नियमही हेच धरून आहेत. १४ वर्षांखालच्या गटात सर्वांत लांब शर्यत ६०० मीटरची आहे. पाच किलोमीटर हा आपल्या गावच्या आयोजकांचा उद्योग आहे.

मग प्रशिक्षकानं करायचं काय? मी आज जे करतो ते सांगतो. त्याला पैसा लागत नाही.

शाळेच्या भिंतीवर एक टेप चिकटवली आहे. दर तीन महिन्यांनी, सकाळच्या प्रार्थनेआधी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर आडवी पट्टी धरून उंची मोजतो. दोनदा मोजतो आणि सरासरी लिहितो. वेळ सकाळचीच ठेवावी लागते, कारण दिवसभर उभं राहून-खेळून माणूस संध्याकाळपर्यंत एखाद सेंटिमीटर खुजा झालेला असतो. दर महिन्याला मोजू नये, तेवढ्यात झालेली वाढ मोजण्यातल्या चुकीत बुडून जाते. तीन महिन्यांत १.८ सेंटिमीटर वाढ म्हणजे वर्षाला ७.२ चा वेग. एवढी वाढ दिसली की त्या पोराच्या नावापुढं मी लाल टिंब देतो. त्याच्या आधीची खूण तर घरचेच सांगतात. पाय वाढतात ते पावलापासून. दिवाळीला घेतलेली चप्पल संक्रांतीला लहान झाली की समजावं, आता नडगी आणि मांडीची पाळी आहे. पालकसभेत मी आयांना गुणांच्या आधी चपलांचं विचारतो. पहिल्या वर्षी त्या हसल्या होत्या.

लाल टिंब मिळालेल्या पोराला मैदानाबाहेर काढायचं नाही, हे महत्त्वाचं. बाहेर बसवलेलं पोरगं घरी जाऊन भरतीवाल्यांबरोबर धावतं, मला चुकवून. त्याचे धावायचे दिवस सहाचे तीन करतो. चढ, पायऱ्या, बेडूकउड्या आणि डांबरी रस्ता बंद. त्याऐवजी मऊ मातीवर छोट्या पळत्या, एका पायावर तोल, फेकणं-झेलणं, दोरीचा मल्लखांब. या दिवसांत पोरं वेंधळी होतात. कालपर्यंत अडथळा लीलया ओलांडणारा आज त्यालाच ठेचकाळतो, कारण डोक्यातला पायांचा जुना हिशोब लांब झालेल्या पायांना लागू पडत नाही. प्रशिक्षकाला वाटतं पोरगं आळशी झालं, लक्ष देत नाही. त्याला शिव्या घालण्यापेक्षा हळू आणि सोप्या हालचाली परत बसवून घ्याव्यात. वाढीचा वेग उतरला, टिंब पुसलं गेलं, की किलोमीटर हळूहळू वाढवायचे.

दुखण्याचा माझा नियम असा. खेळताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी काही नसलं तर कमी करून चालू. पोरगं लंगडलं की त्या क्षणी बंद. वाटीखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेला दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर ते बहुधा वाढीचंच दुखणं. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, सूज, किंवा खुब्यात-मांडीत दुखणं असेल तर वाट पाहायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. कधी बिघाड खुब्यात असतो आणि पोर गुडघ्याला हात लावतं. आणि त्या मऊ जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन स्पर्धेला उभं करण्याचा प्रकार तर अजिबात नको.

आमच्याकडच्या प्रशिक्षकाला शहरातल्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारावा लागतो: काल शेतात गेला होता का? शालेय स्पर्धांचा हंगाम आणि कापूस वेचणी एकमेकांवर येतात. दिवसभर वाकून वेचणी केलेलं, मग गाठोडं डोक्यावर घेऊन बांधावरून चालत आलेलं पोर संध्याकाळी मैदानावर येतं तेव्हा त्याचा व्यायाम झालेला असतो. मी पूर्वी त्याला वर चार फेऱ्या मारायला लावायचो. आता तो दिवस वहीत 'शेत' म्हणून लिहितो आणि धावणं माफ करतो.

मुलींबाबत आम्ही मास्तर लोक याहून मोठी चूक करतो, कारण बोलायला लाजतो. सहावीत मुलांना मागं टाकणारी मुलगी आठवी-नववीत अडकते. वेळ सुधरत नाही. पाळी सुरू झालेली असते, शरीराची ठेवण बदललेली असते, आणि पुष्कळदा रक्त कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय होता. अशा मुलीला 'वजन कमी कर, मेहनत कर' म्हणणं म्हणजे रिकाम्या टाकीच्या गाडीला चाबूक मारणं. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायचं, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच गिळते का ते पाहायचं, आणि तिची दोन वर्षांपूर्वीची वेळ तिच्या तोंडावर फेकायची नाही. आमच्या शाळेत हे बोलायला मी एका सहकारी बाईंना सोबत घेतो. मुली त्यांच्याशी मोकळ्या होतात.

सहावी-सातवीला मी आता 'धावपटू' हा शब्दच वापरत नाही. लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, सूरपारंबी, कबड्डी, लांब उडी, सगळं खेळतात. आट्यापाट्यात पाटीवरच्याला चुकवताना जे दिशा बदलणं होतं, ते सरळ रस्त्यावर आठ किलोमीटर धावून येत नाही. हे मी परदेशातून आणलेलं खूळ नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आपल्याकडे आहे. तिथल्या चमूनं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. जुन्या आखाड्यात एकच पोर मल्लखांब करायचं, लाठी फिरवायचं, कुस्ती खेळायचं आणि हुतुतूलाही उभं राहायचं. एकाच प्रकारात पोराला जुंपायची घाई अलीकडची आहे, बक्षिसाच्या रकमेबरोबर आलेली.

स्पर्धा नकोतच असं मी म्हणत नाही. पोरांना चुरस आवडते, ती काढून घेतली तर मैदान ओस पडेल. पण सरावात मी गट इयत्तेनं पाडत नाही, भिंतीवरच्या खुणेनं पाडतो. लवकर वाढलेला सातवीचा पोरगा नववीच्या त्याच्याएवढ्या पोरांबरोबर धावतो. तिथं तो नुसत्या उंचीवर जिंकू शकत नाही, त्याला डोकं लावावं लागतं. उशिरा वाढणारा नववीचा बारका सातवीच्यांबरोबर धावतो आणि कधी नव्हे तो पुढं येतो. त्याला खाली उतरवल्यासारखं वाटू नये म्हणून त्या गटाचा कप्तान त्यालाच करतो. ही युक्ती दर वेळी जमते असं नाही. गेल्या वर्षी एक जण रुसून गेला तो महिनाभर आलाच नाही.

या जानेवारीत मी आमच्या शर्यतीच्या आयोजकांकडे गेलो. म्हटलं, चौदाच्या आतल्यांची शर्यत एक किलोमीटरची करा, रोख बक्षीस बंद करा, धावेल त्या प्रत्येकाला वही-पेन द्या. ते म्हणाले, "सर, एक किलोमीटरले मॅरेथॉन कोन म्हनन?" शेवटी दोन किलोमीटरवर सौदा पटला. रोख बक्षीस कायम राहिलं. माझ्या शाळेतल्या चार लाल टिंबवाल्यांपैकी दोघं त्या दिवशी घरी थांबले. तिसऱ्याच्या बापानं मला फाट्यावर गाठून विचारलं, अजून किती दिवस? मी वही उघडून दाखवली. सप्टेंबर ते डिसेंबर, २.३ सेंटिमीटर. पुढची मोजणी मार्चमध्ये. तो आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मंग मार्चमंदी मीच येतो मोजाले." चौथा पोरगा धावला, दुसरा आला, आणि सोमवारी त्यानं पायऱ्या उतरताना कठडा धरला होता.